वॅटचं त्रैराशिक

शाळेत सगळ्यांनी एक गणित सोडवलेलं असतं. १२ मजूर एक विहीर ८ दिवसांत खणतात, तर ६ मजूर तीच विहीर किती दिवसांत खणतील? उत्तर १६. मजूर निम्मे तर दिवस दुप्पट. व्यस्त प्रमाण, संपलं.

मायक्रोवेव्हचं गणितही पुस्तकात असंच दिलेलं असतं. रेसिपी ११०० वॅटच्या ओव्हनसाठी लिहिलेली आहे, आपला ओव्हन ७०० वॅटचा आहे, मग वेळ वाढवा:

नवा वेळ = रेसिपीतला वेळ × रेसिपीचे वॅट ÷ आपले वॅट

रेसिपीत ४ मिनिटं असतील तर ४ × ११०० ÷ ७०० = ६.२९ मिनिटं. (हे ६ मिनिटं २९ सेकंद नव्हे बरं का! ०.२९ ला ६० ने गुणायचं. उत्तर येतं साधारण ६ मिनिटं १७ सेकंद. हा घोळ फार कॉमन आहे.) वॅट म्हणजे दर सेकंदाला किती ज्यूल ऊर्जा, त्याला सेकंदांनी गुणलं की एकूण ऊर्जा. दोन्हीकडे ऊर्जा सारखी ठेवा, पदार्थ सारखा शिजेल. इंजिनियर माणसाला आणखी काय हवं?

गंमत अशी, की शाळेतल्या गणितात १२ मजुरांऐवजी १२०० मजूर घेतले तर विहीर दोन तासांत खणून व्हायला हवी. प्रत्यक्षात तेवढी माणसं त्या खड्ड्यात उभीसुद्धा राहू शकत नाहीत. त्रैराशिक बरोबरच असतं, फक्त ते एकच गोष्ट मोजतं. मायक्रोवेव्हच्या त्रैराशिकाचंही तेच. ते नेमकं कुठे तुटतं, हे लोकांना दोन मोठ्या प्रसंगांतून कळलं. पहिला इंग्लंडमधला १९८९ चा, दुसरा अमेरिकेतला २००७ चा. आजचा लेख त्या दोन प्रसंगांवर, आणि त्यातून आपल्या किचनमधल्या ओव्हनसाठी काय घ्यायचं त्यावर.

आधी वॅट वेगवेगळे झालेच कसे?

पर्सी स्पेन्सरच्या खिशातलं चॉकलेट वितळल्याची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, ती सोडून देतो. रेथिऑन ही रडारसाठी मॅग्नेट्रॉन बनवणारी अमेरिकन कंपनी. तिने १९४७ साली पहिला विकाऊ मायक्रोवेव्ह ओव्हन काढला. नाव 'रडारेंज'. माणसाएवढा उंच, वजन तीनशे किलोच्या वर, आणि मॅग्नेट्रॉन थंड ठेवायला चक्क नळाचं कनेक्शन. तो हॉटेलांसाठी आणि जहाजांसाठी होता, घरासाठी नव्हे.

घरासाठीचा पहिला ओव्हन टॅपन कंपनीने १९५५ मध्ये आणला. किंमत १२९५ डॉलर, आणि त्याला २२० व्होल्टचं वेगळं कनेक्शन लागायचं. त्यात दोन वेग होते, ५०० वॅट आणि ८०० वॅट. त्यात रेसिपीची कार्डं ठेवायचा एक खणही होता! म्हणजे रेसिपी ओव्हनबरोबरच यायची, त्याच ओव्हनसाठी लिहिलेली. वॅट जुळवायचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न आला तो ओव्हन स्वस्त झाल्यावर. १९६७ मध्ये अमाना कंपनीने (तोवर ती रेथिऑनच्या मालकीची झाली होती) ओट्यावर मावेल आणि घरातल्या साध्या ११५ व्होल्टच्या सॉकेटवर चालेल असा ओव्हन ४९५ डॉलरला काढला. पुढे डझनभर कंपन्या आल्या, प्रत्येकीचे लहान-मोठे मॉडेल आले, आणि रेसिपी ओव्हनपासून सुटून पुस्तकांत आणि फ्रोझन जेवणाच्या खोक्यांवर जाऊन बसल्या. १९७० आणि ८० च्या दशकांतली अमेरिकन पुस्तकं बहुतेक ६०० ते ७०० वॅट धरून लिहिलेली असायची. नंतर तिथले ओव्हन १००० ते १२०० वॅटपर्यंत चढले आणि तिथेच थांबले. कारण सोपं आहे. तिथला साधा सॉकेट १२० व्होल्ट आणि १५ अँपिअरचा, म्हणजे जास्तीत जास्त १८०० वॅट. मायक्रोवेव्ह भिंतीतून जेवढी वीज ओढतो त्यातली साधारण ६० ते ६५ टक्केच लहरींच्या रूपात आत सोडतो. १८०० चे ६५ टक्के केले की आलेच ११७०.

आपल्याकडे २० लिटरचा साधा 'सोलो' ओव्हन बहुधा ७०० किंवा ८०० वॅटचा असतो. म्हणून अमेरिकेत राहणाऱ्या मावशीने पाठवलेल्या रेसिपीत 'दोन मिनिटं' असतं आणि पुण्यात ते दोन मिनिटांत होत नाही.

इथेच एक साधा सापळा आहे. ओव्हनच्या मागच्या पट्टीवर दोन आकडे असतात. एक 'इनपुट', समजा १२०० वॅट. हा वीजबिलाचा आकडा. दुसरा 'आउटपुट', समजा ७०० वॅट. हा खाण्याचा आकडा. त्रैराशिकात फक्त आउटपुट घालायचा. चुकून इनपुट घातला तर ११०० च्या रेसिपीला वेळ वाढवायच्या ऐवजी कमी कराल, आणि पदार्थ मध्ये कच्चा राहील.

७०० वॅट म्हणजे नक्की काय?

हा आउटपुटचा आकडा कुठून येतो? मॅग्नेट्रॉनला मीटर लावून नाही, तर पाणी तापवून.

आंतरराष्ट्रीय मानक आहे 'आयईसी ७०५'. (१९९७ मध्ये सगळ्या मानकांचे नंबर बदलले तेव्हा ते ६०७०५ झालं.) त्याची १९८८ ची आवृत्ती थोडक्यात अशी सांगते: काचेच्या भांड्यात १ किलो पाणी घ्या, १० अंश सेल्सिअसला. ओव्हन पूर्ण पॉवरवर लावा आणि पाणी २० अंशांपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते मोजा. १ किलो पाणी १ अंशाने तापवायला ४१८७ ज्यूल लागतात, म्हणजे १० अंशांसाठी ४१,८७०. ते ६० सेकंदांत झालं तर ४१,८७० भागिले ६०, म्हणजे ६९८. झाला आपला ७०० वॅटचा ओव्हन.

चाचणी साफ आणि सोपी आहे, पुन्हा पुन्हा करता येते. पण त्यातल्या अटी बघा. ओव्हन थंड आहे, आत एक किलोचा मोठा ऐवज आहे, आणि तो ऐवज शुद्ध पाणी आहे, जे मायक्रोवेव्ह आनंदाने शोषून घेतं. पट्टीवरचा आकडा खरा आहे, पण तो या परिस्थितीतला आहे. आत २०० ग्रॅमचा डबा ठेवला तर? आत बर्फ ठेवला तर? याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही.

पहिला प्रसंग: इंग्लंड, १९८९

१९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये 'रेडी मील'ची लाट आली. सुपरमार्केटमधून शिजवून थंड केलेलं जेवण आणायचं, मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं, खायचं. ऑफिसला जाणाऱ्यांची सोय. पण दशक संपता संपता तिथे अन्नातल्या जंतूंची मोठी धास्ती बसली. १९८८ च्या डिसेंबरात अंड्यांतल्या साल्मोनेलावर केलेल्या एका विधानामुळे आरोग्य खात्याच्या राज्यमंत्री एडविना करी यांना राजीनामा द्यावा लागला. पाठोपाठ १९८९ मध्ये लिस्टेरिया नावाच्या जंतूची चर्चा सुरू झाली. हा जंतू विशेष त्रासदायक, कारण तो फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. निरोगी तरुण माणसाला फार काही होत नाही, पण गर्भवती बाई, पोटातलं बाळ आणि म्हातारी माणसं यांच्या तो जिवावर उठू शकतो.

त्याला मारायचा उपाय माहीत होता: अन्न आतपर्यंत ७० अंशांवर दोन मिनिटं राहिलं पाहिजे. मग ब्रिटनच्या कृषी, मत्स्य आणि अन्न मंत्रालयाने घरगुती मायक्रोवेव्ह ओव्हन तपासायला घेतले. पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे जेवण गरम केलं तर सगळीकडे ७० अंश येतात का? बऱ्याच ओव्हनमध्ये येत नव्हते. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की पट्टीवर सारखे वॅट असलेले दोन ओव्हन छोट्या डब्याला सारखी उष्णता देतीलच असं नव्हतं.

का? मायक्रोवेव्हच्या डब्यात लहरी भिंतींवर आपटून फिरत राहतात, आणि वाटेत जे अन्न लागेल ते त्यांना शोषून घेतं. आत एक किलो पाणी असेल तर जवळजवळ सगळ्या लहरींना ठिकाणा मिळतो. आत पाव किलोचा डबा असेल तर बऱ्याचशा लहरी न शोषता भिंतींमध्ये, काचेच्या ताटलीत आणि उलट मॅग्नेट्रॉनकडेच जातात. किती वाया जातात हे त्या ओव्हनच्या आकारावर आणि बांधणीवर ठरतं. म्हणून एक किलोला ७०० देणारे दोन ओव्हन पाव किलोला वेगवेगळे वॅट देऊ शकतात.

मला यातलं आवडलं ते उत्तर. १९९२ पासून ब्रिटनमध्ये ओव्हनवर एक नवं लेबल आलं. त्यावर दोन गोष्टी: एक वॅटचा आकडा, आयईसीच्या एक किलो पाण्याच्या चाचणीतला. आणि दुसरं एक अक्षर, A पासून E पर्यंत, छोट्या डब्यांच्या चाचणीतलं. A सगळ्यात मंद, E सगळ्यात जोरकस. खाण्याच्या पाकिटावरही हीच अक्षरं आली: B असेल तर इतकी मिनिटं, D असेल तर इतकी. डबा ५०० ग्रॅमपर्यंतचा असेल तर अक्षर बघायचं, मोठा असेल तर वॅट. म्हणजे एका आकड्याने काम भागत नाही हे मान्य करून दुसरा आकडा दिला, आणि तोही सामान्य माणसाला गणित न करता वापरता येईल असा. (आजकालच्या ८०० वॅटच्या ब्रिटिश ओव्हनवर सहसा E असतो. तुमच्या कुणाचा भाऊ-बहीण लंडनला असेल तर त्यांच्या ओव्हनच्या दारावर बघायला सांगा.)

आपल्या ओव्हनवर असं अक्षर नसतं, पण त्यामागची गोष्ट घरी बघता येते. एक पापड भाजायला लागणारा वेळ घ्या. चार पापड एकदम ठेवले तर चौपट वेळ लागत नाही, बराच कमी लागतो. कारण एकट्या पापडाला ओव्हनचे पूर्ण वॅट कधी मिळतच नव्हते. म्हणून पापड, एका कपातला केक, दोन चमचे बटर अशा चिमुकल्या गोष्टींना त्रैराशिकाचं उत्तर फक्त अंदाज म्हणून घ्यायचं आणि दाराशी उभं राहायचं.

दुसरा प्रसंग: अमेरिका, २००७

'पॉट पाय' म्हणजे एका छोट्या वाटीत चिकन, भाज्या आणि दाट रस्सा, वरून मैद्याच्या पारीचं झाकण. बँक्वेट नावाने विकला जाणारा फ्रोझन पॉट पाय हा तिथला अगदी स्वस्त खाऊ, वजन साधारण २०० ग्रॅम. २००७ मध्ये तो खाऊन लोक साल्मोनेलाने आजारी पडायला लागले. ऑक्टोबरात कॉनअॅग्रा कंपनीने तो बाजारातून परत मागवला. शेवटी मोजदाद झाली तेव्हा ४१ राज्यांत ४०१ जण आजारी पडल्याची नोंद होती. सुदैवाने कुणी दगावलं नाही.

तपासात लक्ष गेलं ते मायक्रोवेव्हकडे. खोक्यावर लिहिलं होतं: मध्यम किंवा जास्त वॅटच्या ओव्हनमध्ये ४ मिनिटं, कमी वॅटच्यात ६ मिनिटं. म्हणजे कंपनीने त्रैराशिक करून ठेवलंच होतं. ४ ला ११००/७०० ने गुणलं की ६.२९ येतात, म्हणजे कंपनीचे ६ त्याच्या जवळपासच आहेत. पण आजारी पडलेल्यांना विचारलं तेव्हा बहुतेकांना आपला ओव्हन किती वॅटचा आहे हेच माहीत नव्हतं. आणि काहींनी एकावेळी एकाहून जास्त पाय आत ठेवले होते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला आलेले वॅट आणखी कमी.

आता जरा हिशोब करू. समजा २०० ग्रॅम सगळं पाणीच आहे (पाय प्रत्यक्षात त्याहून सोपा आहे, पण सगळ्यात वाईट धरू). ते उणे १८ अंशांवरून ७४ अंशांवर न्यायचंय. ७४ अंश का, तर अमेरिकेत अशा पदार्थासाठी १६५ फॅरनहाइट सांगतात, ते म्हणजे ७४. बर्फ शून्यावर आणायला साधारण ८ किलोज्यूल लागतील, वितळवायला ६७, आणि पाणी ७४ वर न्यायला ६२. एकूण १३७ किलोज्यूल. लक्षात घ्या, निम्मी ऊर्जा नुसती वितळवण्यात जाते आणि तेवढा वेळ तापमान एक अंशही वाढत नाही.

११०० वॅटचा ओव्हन ४ मिनिटांत देतो २६४ किलोज्यूल. जवळजवळ दुप्पट! आणि कुणी ७०० वॅटच्या ओव्हनवर चुकून ४ च मिनिटं लावली? तरी कागदावर १६८ मिळतात, म्हणजे पुरेशी. छोटा डबा आहे म्हणून समजा त्यातली पाव वाया गेली, तर उरतात १२६. हे मात्र कमी पडले. म्हणजे वॅट माहीत नसण्याचा फटका खरा आहे.

पण मग ११०० वाल्याचं काय? त्याच्याकडे तर ऊर्जा भरपूर होती. २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अशा काही ब्रँडचं फ्रोझन जेवण सूचनेप्रमाणे गरम करून पाहिलं. त्यात हा पायही होता. काही जागी तापमान १४० फॅरनहाइट, म्हणजे फक्त ६० अंश सेल्सिअस, आणि त्याच वेळी पारीचा काही भाग जळालेला!

इथे त्रैराशिकाची खरी मर्यादा दिसते. ते एकूण ऊर्जा मोजतं. ती ऊर्जा पदार्थात कुठे गेली हे ते मोजत नाही. आणि फ्रोझन पदार्थात ती हमखास चुकीच्या जागी जाते, कारण बर्फ मायक्रोवेव्ह जवळजवळ शोषतच नाही. त्याची शोषण्याची ताकद पाण्याच्या तुलनेत हजारो पटींनी कमी आहे. आता विचार करा, पायच्या कडेला एक थेंब आधी वितळला. तो थेंब आता शेजारच्या बर्फापेक्षा कितीतरी जास्त लहरी ओढतो. तो तापतो, शेजारचं थोडं वितळवतो, तेही लहरी ओढायला लागतं. कडा उकळायला लागतात आणि मध्यभाग बर्फच राहतो. ज्याला आधी मिळालं त्यालाच पुढे मिळत जातं.

यावर उपाय एकच, उष्णतेला कडेकडून मध्याकडे सरकायला वेळ देणं. हे सरकणं वॅटवर अवलंबून नसतं. पदार्थाची जाडी आणि घड्याळ, एवढंच. म्हणून पाकिटावर 'गरम झाल्यावर ३ मिनिटं तसंच ठेवा' लिहिलेलं असतं, आणि तो सूचनेचा शोभेचा भाग नाही. ते शिजवणंच आहे, फक्त वीज बंद ठेवून.

कंपनीने पुढे सूचना बदलल्या. त्यात ११०० वॅटपेक्षा कमी ओव्हन वापरू नका, थर्मामीटर लावून बघा, असं आलं. इंग्लंडने १९९२ मध्ये दुसरा आकडा दिला होता, इथे मात्र जबाबदारी खाणाऱ्याच्या हातातल्या थर्मामीटरवर गेली. दीड डॉलरहूनही स्वस्त पाय खाणाऱ्या माणसाच्या घरी थर्मामीटर असेल का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्तच होता.

मग आपण करायचं काय?

आधी आपल्या ओव्हनचे खरे वॅट काढा. आयईसीच्या चाचणीची घरगुती आवृत्ती दोन मिनिटांचं काम आहे. काचेच्या भांड्यात बरोबर १ लिटर पाणी घ्या, फ्रिजमधलं आणि माठातलं मिसळून थंडसर केलेलं. तापमान मोजा. ओव्हन थंड असताना पूर्ण पॉवरवर बरोबर ६० सेकंद लावा. काढून ढवळा (ढवळायचं विसरू नका, वरचं पाणी खालच्यापेक्षा गरम असतं) आणि लगेच पुन्हा मोजा. जितके अंश वाढले त्याला ७० ने गुणा. ४१८७ भागिले ६० म्हणजे साधारण ७०, म्हणून. माझ्या ७०० वॅटच्या ओव्हनमध्ये ९ अंश वाढले, म्हणजे ६३०. यातला थोडा फरक सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांचा असतो. त्या वेळात मॅग्नेट्रॉनची तार तापत असते आणि लहरी निघत नाहीत, मानकात ते सेकंद वगळतात. उरलेला फरक ओव्हनच्या वयाचा आणि घरातल्या व्होल्टेजचा. थोड्या कमी व्होल्टेजवर संध्याकाळी हीच चाचणी केलीत तर आकडा आणखी खाली दिसू शकतो. लागोपाठ दुसरा पदार्थ लावलात तरीही, कारण तापलेला मॅग्नेट्रॉन थोडा कमी देतो.

आता एक पूर्ण उदाहरण. रेसिपी म्हणते ११०० वॅटवर ६ मिनिटं, मग ३ मिनिटं झाकून ठेवा. माझ्याकडे ६३०. ६ × ११०० ÷ ६३० = १०.४८, म्हणजे १० मिनिटं २९ सेकंद. पण मी एकदम साडेदहा लावणार नाही. ८ मिनिटं लावून काढणार, कडेचं मध्ये आणि मधलं कडेला असं ढवळणार, मग उरलेली अडीच मिनिटं देणार. आणि झाकून ठेवायचे ३ मिनिटं तसेच तीन. त्यांना ११००/६३० ने गुणायचं नाही, कारण त्या वेळात ओव्हन काम करतच नसतो. शेवटी सगळ्यात जाड जागी, मधोमध, थर्मामीटर खुपसायचा. ७४ च्या खाली असेल तर आणखी एक मिनिट. थर्मामीटर नसेल तर वाफ कुठून येतेय ते बघा. फक्त कडेने येत असेल तर मध्यभाग अजून थंड आहे. भांड्याचा तळ मध्यभागी हाताला गार लागला तरी तेच समजायचं.

वर जायचं तर नियम वेगळा, आणि हे मला या सगळ्या वाचनातून मिळालेलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. रेसिपी ७०० ची आणि ओव्हन १००० चा असेल तर त्रैराशिक सांगेल वेळ १० मिनिटांवरून ७ वर आणा. ऊर्जा जुळेल, पण उष्णता मध्यापर्यंत सरकायला मिळणारी तीन मिनिटं तुम्ही कापलीत. त्यापेक्षा वेळ १० मिनिटंच ठेवा आणि पॉवर ७० टक्क्यांवर आणा. बहुतेक ओव्हनमध्ये ७० टक्के म्हणजे मॅग्नेट्रॉन कमी जोराने चालतो असं नाही. तो थोडा वेळ पूर्ण चालू, थोडा वेळ पूर्ण बंद राहतो. म्हणून अधूनमधून घरघर बदललेली ऐकू येते. त्या बंदच्या सेकंदांत उष्णता सरकते, आपल्याला तेच हवंय. इन्व्हर्टरवाला ओव्हन मात्र खरोखर जोर कमी करतो. उत्तर दोन्हीकडे तेच. मध्ये ढवळता येणारं सूप किंवा चहा असेल तर ही काळजी नको, सरळ वेळ कापा. जाड, घट्ट, न ढवळता येणारं काही असेल तर पॉवर कापा.

आणि रात्रीच्या भाताचा, आमटीचा, आजीच्या किंवा बाळाच्या खिमट-खिचडीचा डबा गरम करताना तर हे खास. तिथे रेसिपी नसते, सवयीने 'दोन मिनिटं' लावली जातात. ती सवय जुन्या ओव्हनवर पडलेली असते आणि नवा ओव्हन वेगळ्या वॅटचा असतो. नवीन ओव्हन घरी आला की पहिल्याच दिवशी एक लिटर पाणी तापवा आणि आलेला आकडा मार्करने दाराच्या आतल्या कडेवर नाही, बाहेर कोपऱ्यात लिहून ठेवा. घरातल्या ज्या माणसाला हे त्रैराशिक ठाऊक नाही, त्याच्या शेजारीच 'डाळ-भाताचा डबा: इतकी मिनिटं, मध्ये ढवळा' एवढं लिहिलंत की झालं. १९९२ च्या ब्रिटिश लेबलने तरी वेगळं काय केलं होतं?